भाच्याची झोप

आमच्या घरात झोपेबद्दल कुणी चांगला शब्द काढलेला मला आठवत नाही. आजोबांच्या काळी उसाच्या मळ्याच्या कॅम्पात, म्हणजे मजुरांच्या वस्तीत, उजाडायच्या आधी घंटा व्हायची, आणि जो एक दिवस चुकला त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जायची. घंटा गेली, मजुरी कापणारे गेले, आमच्या मालकीचा उसाचा आणि टोमॅटोचा तुकडा झाला, तरी घंटा आमच्या अंगात राहिली. "सूर्यानं अंथरुणात पाहिलं तर तोंड काळं होतं," असं वडील म्हणत. मोंतान्य ब्लांश या बेटावरच्या आमच्या गावात, आमच्या वाटेवर कुणाच्या खिडकीत पहाटे दिवा आधी लागतो यावर त्या घराची अब्रू ठरायची. आमचा दिवा पहिला असे. मला त्याचा अभिमान होता.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे मी केलं ते केवळ दुष्टपणानं केलं नाही. अर्थात दुष्टपणा अजिबात नव्हता असंही नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवायचो. संध्याकाळी देवळाच्या सभागृहात मुलांना मराठी वाचायला शिकवायचो, आणि त्याच सभागृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा वेटलिफ्टिंगचा क्लब होता. क्लब म्हणजे एक दांडी, थोड्या लोखंडी चकत्या, काही आम्हीच सिमेंटच्या ओतलेल्या, आणि फळ्यांचा एक चौथरा. मी स्वतः कधी फार उचललं नाही. फ्रेंच मासिकं वाचून शिकलो आणि शिकवू लागलो. वाचणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला कळलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. माझी विधवा बहीण विमानतळाजवळच्या प्लेन मान्येन गावात राहायची. तिचा मुलगा विशीत आला, आणि आमच्याकडच्या एका स्वेटरच्या कारखान्यात त्याला काम मिळालं, म्हणून तो आमच्या घरी राहायला आला. बहीण म्हणाली, "दादा, मामाच्या घरी देतेय, मला घोर नाही." मामाचं घर म्हणजे काय, हे मराठी वाचणाऱ्याला सांगायला नको. मराठी मुलुख सोडून समुद्रापलीकडच्या या बेटावर शंभराहून जास्त वर्षं काढली, भाषेची निम्मी चव गेली, तरी भाच्याचे लाड मामानं करायचे हे आमच्यात शिल्लक होतं.

पोरगा आला त्याच आठवड्यात मी त्याला शेडमध्ये नेलं. गंमत म्हणून त्यानं दांडी धरली आणि डोक्यावर नेली, कुणी न शिकवता, पाठ सरळ ठेवून. शेडमधली पोरं हातातलं टाकून भोवती जमली. काही अंगांना ते येतंच. वर्षभरात तो क्लबमधल्या सगळ्यांच्या पुढे गेला. मग खबर आली की बेटाच्या संघासाठी निवड चाचणी होणार आहे, आणि साडेसदुसष्ट किलोच्या वजनगटात एक जागा मोकळी आहे. त्याचं वजन तेवढंच होतं, आणि त्याला ती जागा हवी होती. तो बोलायचा कमी, पण एकदा टोमॅटो खुडताना म्हणाला, "मामा, संघाचं जॅकेट आईला घालायला देणार. ती बाजारात घालून जाईल, बघा तुम्ही." तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

मी त्याचं वेळापत्रक आखलं. कारखान्यात पाळ्या आठवड्याआड बदलायच्या. दुपारपाळीच्या आठवड्यात तो रात्री उशिरा यायचा, अंग धुऊन, जेवून आडवा व्हायचा, आणि मी त्याला कोंबडं आरवायच्या आत उठवायचो. शेडमध्ये व्यायाम, मग माझ्यासोबत शेतात, मग परत कामावर. रातपाळीच्या आठवड्यात तो सकाळी यायचा आणि मी दारातच उभा असायचो: आधी दांडी, मग झोप. ती झोप मागच्या पत्र्याच्या खोलीत, उन्हात, शेजारच्या रेडिओच्या आणि कुत्र्यांच्या आवाजात. दुपारी शेताला पाणी देण्यासाठी मी पुन्हा हाक मारायचो. तो लगेच उठायचा. एकदाही "थोडं थांबा मामा" म्हणाला नाही.

"झोपला होतास का रे?" मी विचारायचो.

"झोपलो. पण कान जागे असतात, मामा. तुम्ही येणार म्हणून."

मी हसायचो. मला ती तयारी वाटायची.

सुरुवातीला वजन वाढत गेलं, म्हणजे दांडीवरचं. मग थांबलं. मग उतरू लागलं. सोमवारी बैठका मारल्या तर गुरुवारीही त्याच्या मांड्या दुखायच्या. जिना उतरताना तो भिंतीला हात लावायचा. आधी जी दांडी हसत उचलायचा ती खांद्यावर आली की गुडघे लटपटायचे. मासिकात लिहिलं होतं: प्रगती थांबली की मेहनत वाढवा. मी वाढवली.

आणि त्याची भूक सुटली. तशी भूक मी घरात पाहिली नव्हती. तो भात जेवून उठायचा आणि तासाभरात लाबुतिकमधून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, पाव आणायचा, त्यात साखरेचं आटीव दूध ओतायचा. कारखान्यातून येताना रस्त्यावर तळलेले गातो पिमां, आमच्याकडचे डाळीचे झणझणीत वडे, कागदात बांधून घ्यायचा आणि कारखान्याच्या व्हॅनमध्येच संपवायचा. रात्री पातेलं खरवडल्याचा आवाज यायचा. सकाळी त्याच्या डोळ्यांत लाज असायची. "काय होतं कळत नाही मामी, पोट भरतं, पण भरल्यासारखं वाटत नाही," असं तो माझ्या बायकोला म्हणाला होता. ती मला म्हणाली, "अहो, पोराला कुठं जंत तर नाहीत?" जंताचं औषध दिलं. भूक होती तशीच. त्याचं वजन गटाच्या वर गेलं, आणि चाचणी जवळ येत होती.

क्लबमधली पोरं त्याला "गुर्मां" म्हणू लागली. क्रियोलमध्ये खादाडाला म्हणतात. आधी थट्टेत.

"ए गुर्मां, चकती समजून सिमेंट खाशील हां!"

"मामाच्या शेतात टोमॅटो उरलेत का, की भाच्यानं देठासकट संपवले?"

तो हसायचा. मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी शिक्षक होतो, माझ्या एका नजरेनं थांबली असती. पण मला वाटलं, लाजेनं तरी सुधारेल.

एका रविवारी शेडमध्ये सगळ्यांसमोर मी त्याला वजनकाट्यावर उभं केलं. काटा पुढे गेला. मी म्हणालो, आणि हे वाक्य मी पुढे वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, "तुझ्या आईनं तुला इथं उचलायला पाठवलंय की गिळायला?"

कुणी हसलं नाही. तो काट्यावरून उतरला आणि चकत्या जागेवर लावू लागला.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाला कुलूप घातलं. भात, पाव, साखर, सगळं आत. किल्ली माझ्या खिशात. बायको बघत राहिली. "मामाच्या घरात भाच्याला कुलूप?" एवढंच म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग फेब्रुवारीत चक्रीवादळ आलं.

आमच्या बेटावर वादळ येतं तेव्हा रेडिओ इशाऱ्यांचे वर्ग सांगतो, आणि तिसऱ्या वर्गाला कारखाने, शाळा, बस, सगळं बंद होतं. आम्ही खिडक्यांना फळ्या ठोकल्या, पिंपं भरली, मेणबत्त्या आणि सार्डिनचे डबे काढले, आणि सगळे काँक्रीटच्या पुढच्या खोलीत आलो. त्याची पत्र्याची खोली धोक्याची, म्हणून त्याची गादीही तिथंच भिंतीशी टाकली. वारा सुरू झाला तसा तो आडवा झाला. वाऱ्यानं घराला हात घातला होता, फळ्या थरथरत होत्या, बायको देवाचं नाव घेत होती, आणि हा झोपला.

वादळ गेलं. पण विजेचे खांब पडले होते, रस्त्यावर झाडं आडवी होती, कारखाना वीज येईपर्यंत बंद. शेडचा पत्रा उसात जाऊन पडला होता. टोमॅटो चिखलात गेले होते. त्यामुळे त्याला उठवायला माझ्याकडे कारण उरलं नाही. कुठलंच. फळ्या काढायला लोखंडी पहार मिळेपर्यंत खोलीत अंधार होता, आणि वादळानंतरची ती चमत्कारिक शांतता: ना रेडिओ, ना ट्रक, कुत्रीसुद्धा गप्प.

तो झोपायचा. दिवेलागणीला जेवून झोपायचा आणि सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर उठायचा. दुपारी पुन्हा डोळा लागायचा. पहिले दोन दिवस मला राग आला. तिसऱ्या दिवशी फळीच्या फटीतून उन्हाची पट्टी त्याच्यावर पडली होती आणि मी जवळ बसून पाहत राहिलो. श्वास इतका खोल की छाती वर येऊन बराच वेळ तिथंच थांबल्यासारखी वाटायची. जबडा सैल. कपाळावरची ती आठी, जी मी त्याच्या चेहऱ्याचा भाग समजत होतो, नव्हती. पोटरीचा एखादा स्नायू आपोआप फडफडायचा आणि निवायचा. मला लहानपणी पाहिलेली बंद भट्टी आठवली: बाहेरून काही हालचाल नाही, दार लावलेलं, आणि आत विटा पक्क्या होताहेत. या पोरात कुणीतरी काम करतंय, असं मला वाटलं, आणि ते मी नव्हे. मी उठून पाय न वाजवता बाहेर गेलो. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, पोरानं ताटात भात ठेवला."

"आजारी आहे का?"

"नाही हो. 'मामी, बास, पोट भरलं' म्हणाला." तिच्या आवाजात अगदी आश्चर्य होतं. "कपाट उघडंच होतं. वादळाच्या गडबडीत तुम्ही कुलूप लावलेलंच नाही. हातसुद्धा लावला नाही त्यानं."

आठवड्यानं आम्ही शेडमधला चिखल काढला. वर पत्रा नव्हता, आभाळच होतं. मला वाटलं, आठवडाभर काही केलेलं नाही, पोरगा गंजला असणार. त्यानं हात चोळले, दांडी उचलली, उतरवली, म्हणाला, "मामा, घाला अजून." घातलं. "घाला." महिनाभर ज्या वजनाखाली त्याचे गुडघे लटपटत होते ते त्यानं डोक्यावर नेलं आणि तिथं धरून ठेवलं. वर पाहिलं. हसला. मग मी दांडीवर आणखी दोन लहान चकत्या चढवल्या, तेवढं वजन त्यानं आयुष्यात कधी उचललं नव्हतं, आणि तेही वर गेलं, आवाज न करता, जणू वजन स्वतःहून उठलं. क्लबमधलं एक पोर "आयो!" एवढंच म्हणालं आणि त्यानं तोंडावर हात ठेवला. माझ्या अंगावर काटा आला होता. मी देवळाच्या शेजारी उभा होतो, आणि देवळात मला असं कधी झालं नव्हतं.

वजनकाट्यावरही तो गटाच्या आत आला.

आता जे सांगायचं ते हे. मी डोळ्यांनी पाहिलं. बायकोनं शब्दांत सांगितलं: "झोपला म्हणून झालं. झोपू द्या त्याला." आणि मी क्लबमध्ये सगळ्यांना सांगितलं की मी त्याच्या खाण्याला शिस्त लावली, त्याचं हे फळ. चमत्कार मी पाहिला आणि श्रेय कुलपाला दिलं.

का? खोटं बोलायचं म्हणून नाही. आठवडाभर लोळून माणूस बळकट होतो हे मान्य केलं असतं तर वडिलांचं, आजोबांचं, त्या पहिल्या दिव्याचं काय करायचं होतं? आणि मी त्याला वर्षभर जे उठवलं त्याचं?

वीज आली. कारखान्याला बुडालेलं काम भरून काढायचं होतं, म्हणून पाळ्या लांबल्या. आमचे टोमॅटो पुन्हा लावायचे होते. मी पुन्हा पहाटे त्याच्या गादीशी उभा राहू लागलो, आणि या वेळी जास्त लवकर, कारण माझ्याकडे आता पुरावा होता, असं मला वाटत होतं. पंधरवड्यात कपाळावरची आठी परतली. भूकही आली. मी कुलूप घातलं.

बायको एकदा मध्ये पडली. मी तिला म्हणालो, "तू मला शिकवू नकोस." तो दाराआडून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी मी जायच्या आधीच तो उठून, तोंड धुऊन बसलेला होता. घरात भांडण नको म्हणून.

चाचणी शहरातल्या एका सभागृहात होती. गटात बसण्यासाठी तो आदल्या दिवशी जवळजवळ काही जेवला नाही, आणि त्या आठवड्यात रातपाळी होती. काट्यावर तो बरोबर बसला. मला आनंद झाला. बहीण प्लेन मान्येनहून आली होती, नवी साडी नेसून, पहिल्या रांगेत.

स्नॅचचे, म्हणजे दांडी एका झटक्यात जमिनीवरून डोक्यावर नेण्याचे, तीन प्रयत्न असतात. पहिलं वजन त्यानं वादळानंतर उघड्या शेडमध्ये सहज उचललेल्या वजनापेक्षा कमी होतं. दांडी वर गेली आणि पुढे पडली. दुसऱ्यांदा वर गेली, कोपर वाकलं. तिसऱ्यांदा तो बराच वेळ दांडीपाशी उभा राहिला. हात लावला. दांडी गुडघ्यापर्यंत आली आणि त्यानं ती खाली ठेवली. पडू दिली नाही, ठेवली. मग प्रेक्षकांना नमस्कार केला आणि आत गेला. तीनही हुकले की पुढचा प्रकार करून उपयोग नसतो. जागा दुसऱ्याला गेली.

कपडे बदलताना मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "चुकलं, मामा. मी खाण्यावर ताबा ठेवला असता तर तब्येत बिघडली नसती. तुम्ही इतकं केलंत."

मी "असू दे" म्हणालो. एवढंच. तेव्हा मला बोलायला हवं होतं.

तो कारखाना सोडून आईकडे परत गेला. पुढे विमानतळावर सामान चढवण्याचं काम मिळालं, लग्न झालं, मुलं झाली. आमच्याकडे येतो, पण जेवायला बसला की पहिल्या वाढण्यानंतर ताटावर हात धरतो. लग्नकार्यातही. त्याची बायको थट्टा करते, "हे दुसऱ्याच्या घरी चिमणीसारखे खातात."

आणि मी क्लबमधल्या पोरांना पहाटे उठवत राहिलो. किती चांगली पोरं मध्येच थकून सोडून गेली, ते मी मोजलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सभागृहात मधुमेहावर बोलायला एक तरुण डॉक्टरबाई आल्या. या बेटावर साखरेनं आधी आमच्या आज्या-पणज्यांना राबवलं, आता आमच्या रक्तात बसली आहे. त्यामुळे अशा व्याख्यानाला गर्दी होते. मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाई आहाराबद्दल बोलल्या, चालण्याबद्दल बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "आता झोप." लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, पोटाकडून एक रसायन मेंदूला सांगतं, भूक लागली. चरबीतून दुसरं सांगतं, साठा आहे, बास. सलग काही रात्री झोप अपुरी झाली की अनेकांत पहिलं वाढतं आणि दुसरं घटतं. माणूस जेवतो, पोट भरतं, पण निरोप नीट पोचत नाही. त्याला गोड, तेलकट, पिठाळ हवंसं वाटतं. "तो लोभ नसतो," बाई म्हणाल्या. "त्याला मिळणारा निरोपच बदललेला असतो." सगळ्यांत सारखं होत नाही, अजून अभ्यास चालू आहे, हेही त्यांनी सांगितलं. आणि गाढ झोपेत, विशेषतः झोपेच्या पहिल्या भागात, वाढीचं संप्रेरक मोठ्या लाटेनं सुटतं. दिवसभर राबलेल्या स्नायूंची डागडुजी झोपेतच नीट होते. झोप तोडली, पाळ्यांनी उलटसुलट केली, की शरीर ताणाची रसायनं ओतत राहतं, आणि बांधण्याऐवजी मोडू लागतं.

मी बाकाची कड धरून बसलो होतो. मला डॉक्टरबाई दिसत नव्हत्या. फळीच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी दिसत होती, आणि त्याची वर येणारी छाती. तेव्हा त्या अंधाऱ्या खोलीत, वारा पडल्यावर, त्याच्या आत लाटा सुटत होत्या. काम चाललं होतं. सगळं मोडलेलं जागेवर लागत होतं, निरोप पुन्हा वाटेला लागत होते, आणि त्यासाठी कुणी काहीच करायचं नव्हतं. फक्त हात लावायचा नव्हता. एवढी मोठी गोष्ट माझ्या घरात, माझ्या समोर झाली होती. मला रडू आलं. शेजारचा म्हणाला, "साखर वाढली का काय मास्तर?"

प्लेन मान्येनला जायला मला आणखी वर्ष लागलं. भाचा आता चाळिशीत होता, केस पांढरे झाले होते. आम्ही ओसरीवर बसलो, वरून विमान उतरत होतं. मी सगळं सांगितलं. काट्यावरचं वाक्य, कुलूप, वादळ, डॉक्टरबाई. त्याच्याकडे न बघता. "तू खादाड नव्हतास," मी म्हणालो. "मी तुला झोपू दिलं नाही. मला दिसलं होतं, आणि तरीही दिलं नाही."

त्यानं उतरणाऱ्या विमानाकडे पाहिलं. मग म्हणाला, "वादळाचे ते दिवस मला अजून आठवतात, मामा. अंग असं हलकं परत कधीच झालं नाही. मी समजायचो, देवानं एकदाच दिलं." आणि थोड्या वेळानं, "मग चाचणीत मी उचललं असतं का?"

मी विचार केला. खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि प्रेमाचं खोटं होतं.

"शेडमध्ये उचललं होतंस. चाचणीत, माहीत नाही. तिथं अजूनही कितीतरी गोष्टी असतात."

तो मोठ्यानं हसला, विशीत हसायचा तसा.

"आयो मामा! इतक्या वर्षांनी आलात, आज तरी नुसतं 'हो' म्हणायचं होतं ना!"